दुकानमालकाला जाहिरातीमागचा विचार पटवून देताना (अनुभव धागा)

गंजगोलाई

लातूरमध्ये लहान प्रमाणावर जाहिरातीची कामे करताना मला एक गोष्ट वारंवार जाणवली आहे. कल्पना सुचणे त्या मानाने सोपे असते. ज्याच्या गल्ल्यातून पैसे जाणार आहेत, त्या मालकासमोर ती कल्पना का सुचली हे मांडणे मात्र अवघड जाते. असे प्रसंग ज्यांनी अनुभवले आहेत, मग ते टेबलाच्या कोणत्याही बाजूला बसलेले असोत, त्यांनी येथे सविस्तर लिहावे. सुरुवात माझ्या अनुभवाने करतो.

एका जुन्या कापड दुकानाचे मालक दरवर्षी दिवाळीच्या आधी फ्लेक्स, स्थानिक वृत्तपत्रातील जाहिरात आणि केबल यांवर मिळून सुमारे दीड लाख रुपये खर्च करत. पहिल्या भेटीत मी लॅपटॉप उघडून तयार केलेली चित्रे दाखवली आणि तीच चूक ठरली. चित्र समोर आले की मालक चित्राविषयीच बोलतो. "लाल रंग जरा वाढवा, आणि वडिलांचा फोटो डाव्या बाजूला घ्या," एवढे सांगून ते गिऱ्हाइकाकडे वळले. मोहिमेमागचा विचार मी बोललोही नव्हतो.

त्यानंतर मी परवानगी घेऊन दोन दिवस दुकानात नुसता बसून राहिलो आणि मुनीमकाकांकडून मागच्या दोन वर्षांची बिलबुके मागून घेतली. त्या दुकानात उधारीची पद्धत असल्यामुळे प्रत्येक मोठ्या बिलावर गिऱ्हाइकाच्या गावाचे नाव लिहिलेले होते. पंचवीस हजारांवरची बिले वेगळी काढली, तेव्हा ती बहुतेक फेब्रुवारी ते मे या काळातील, म्हणजे लग्नाच्या बस्त्यांची आणि औसा, निलंगा, चाकूर या बाजूंच्या गावांतील निघाली. फ्लेक्स मात्र शहरात लागत होते आणि तेही ऑक्टोबरमध्ये.

दुकानात बसून जे दिसले ते याहून उपयोगाचे होते. बस्त्याला दहा-बारा माणसे भाड्याच्या क्रूझरने येतात. नवरीचा शालू निवडण्यातच दुपार होते. चारच्या सुमारास क्रूझरचा चालक पायरीवर येऊन बसतो आणि घड्याळ पाहू लागतो, मग घरातील वडीलधारी माणसे घाई करतात आणि मानपानाच्या साड्या अर्ध्याच घेऊन मंडळी उठतात. उरलेल्या साड्या ती बहुधा तालुक्याच्या गावी घेत असावीत. पण मानपानाच्या साड्यांतच नग जास्त असतात, आणि मालकांच्याच सांगण्यानुसार त्यांत घासाघीस कमी होते.

म्हणून माझी कल्पना सवलतीची नव्हती. बस्त्याची छापील यादी काढायची, तिच्यावर मामा-मामी, आत्या, करवली, विहीणबाई, कुलदैवताची साडी असे रकाने ठेवायचे, पाठीमागे दुकानाचा पत्ता आणि "यादी भरून आणा, बस्ता दुपारपर्यंत उरका" एवढेच वाक्य छापायचे. ही यादी आठवडी बाजारांत आणि मंगल कार्यालयांत ठेवायची, कारण कार्यालय आधी ठरते आणि बस्ता त्यानंतर बांधला जातो.

दुसऱ्या भेटीला मी लॅपटॉप नेला नाही. बिले गावानुसार लावून त्यांच्यासमोर ठेवली आणि त्यांनाच वाचायला सांगितले. प्रत्येक नावासरशी त्यांना ते घर आठवत होते. तरीही त्यांचे तीन आक्षेप होते. पहिला असा की, "लोक तर तसेही यायलेत ना, मग पैसे कशाला घालायचे?" त्यावर मी अर्धवट राहिलेल्या बस्त्यांची गोष्ट सांगितली आणि मुनीमकाकांनी मान डोलावली. मुनीमकाकांच्या त्या होकारापुढे माझा सगळा युक्तिवाद फिका पडला असता. दुसरा आक्षेप असा की, "आपली यादी भरून लोक दुसऱ्याच्या दुकानात जातील." याला माझ्याकडे पक्के उत्तर नव्हते आणि मी तसे सांगितले. तिसरा असा की, चौकात शेजाऱ्याचा फ्लेक्स असेल आणि आपला नसेल, तर लोक दुकान बसले असे समजतील. हा मला मान्यच करावा लागला आणि दोन फ्लेक्स कायम राहिले.

शेवटी अठरा हजार रुपयांत एकच रस्ता, निलंग्याचा, घेऊन दोन हजार याद्या वाटायच्या आणि चाकूरच्या रस्त्यावर काहीच करायचे नाही, असे ठरले. सहा आठवड्यांत एकसष्ट याद्या दुकानात परत आल्या. निलंगा बाजूचे बस्ते मागच्या वर्षी चौदा होते ते तेवीस झाले, चाकूर बाजूचे पंधराचे सोळा झाले. दोन शनिवारी गर्दीमुळे गल्ल्यावरच्या मुलाने याद्या ठेवून घेतल्याच नाहीत, म्हणजे खरा आकडा थोडा जास्त असावा. इतरांनी आता लिहावे.

माजलगावकर

आपला अनुभव वाचून मला माझा उलटा अनुभव आठवला, ज्यात मालकच बरोबर ठरले. बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी कपडे आणि ब्लँकेट विकणाऱ्या दुकानासाठी मी मोहीम मांडत होतो. ऊसतोड कामगार कुटुंबे दसऱ्यानंतर कारखान्यांकडे निघून जातात, त्यामुळे दिवाळीच्या जाहिरातीचा त्या दुकानाला उपयोग नाही, हा माझा मुद्दा त्यांनी लगेच मान्य केला. त्यापुढे मी असे मांडले की सगळा खर्च मार्च-एप्रिलमध्ये करावा, कारण तेव्हा ही कुटुंबे गावी परततात.

मालक बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "सर, माणूस परत येते, पैसा परत येत नाही." मुकादमाकडून उचल मिळते ती जाण्यापूर्वी, आणि हंगामभर ती फिटत राहते. परतताना अनेकांच्या हातात फारसे काही उरलेले नसते, काहींच्या अंगावर तर बाकीच असते. त्यांच्या दुकानातील खरी विक्री उचल वाटली जाते त्या आठवड्यांत होते, कारण पोरांचे कपडे, ब्लँकेट, ताडपत्री आणि भांडी हे सगळे तेव्हाच घेतले जाते. मी माणसे केव्हा गावात असतात ते पाहिले होते, पैसा केव्हा असतो ते पाहिले नव्हते. मोहीम दसऱ्याच्या आधीच्या तीन आठवड्यांत नेली आणि "जाण्याआधी" या एका शब्दाभोवती ती बांधली. तो शब्दही मालकांच्याच तोंडचा होता.

आपल्या मोजणीविषयी एक सूचना करतो. दोन रस्त्यांची तुलना केलीत ते योग्य केलेत, पण मागच्या वर्षाशी केलेल्या तुलनेवर मालकाला विसंबू देऊ नका. मुहूर्त दरवर्षी सरकतात. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे त्या महिन्यातील लग्ने मागे-पुढे होणार आणि बस्तेही त्यांच्याबरोबर सरकणार. अशा वर्षी मोहीम चांगली असूनही आकडा पडतो, किंवा फसलेली असूनही चढतो.

औरंगपुरा

संभाजीनगरमध्ये आमच्या कार्यालयात एक नियम आहे की मालकासमोर नेहमी तीन पर्याय ठेवावेत. एक फार महाग, एक फार साधा आणि आपल्याला हवा असलेला मधला. मालकाला निवडल्याचे समाधान मिळते आणि तो बहुतेक वेळा मधलाच घेतो. इतकी बिले चाळण्याची गरज मला वाटत नाही. शिवाय "50 टक्के सूट" या शब्दांइतके परिणामकारक आजवर दुसरे काही मला सापडलेले नाही.

गंजगोलाई

तीन पर्यायांचा उपयोग खर्चाचा आकडा ठरवताना होतो हे मी मान्य करतो, मीही अठरा, चाळीस आणि नव्वद हजार असे तीन टप्पे मांडले होते. परंतु कल्पनाच तीन नेल्या, तर मालक एकीचा रंग, दुसरीचे वाक्य आणि तिसरीची किंमत उचलतो, आणि जे तयार होते त्यामागे कोणताच विचार उरत नाही. सवलतीबद्दल बोलायचे, तर गर्दी होते हे खरे, पण बस्त्याच्या गिऱ्हाइकाला सूट ऐकली की माल जुना असावा अशी शंका येते. हे मला दुकानातील विक्रेत्याने सांगितले, मी स्वतः पडताळलेले नाही.

मेसवाले काका

मी लातूरमध्ये विद्यार्थ्यांसाठी मेस चालवतो. जूनमध्ये शिकवणीचे प्रवेश सुरू झाले की मी हॉस्टेलांच्या दारांवर पत्रके चिकटवतो, पण दुसऱ्या दिवशी त्यांवर दुसऱ्या मेसचे पत्रक चिकटलेले असते. त्यावर काय उपाय करावा, हे येथे कोणी सांगू शकेल का? धाग्याचा विषय हाच आहे असे समजून विचारले.

भांडेगल्ली, परभणी

मी टेबलाच्या पलीकडे बसणारा आहे. माझे भांड्यांचे दुकान आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या जाहिरातवाल्यांना मी संशयी वाटत असेन. कारण सांगतो. मागे एकाने मोबाइलवरील जाहिरातीचा अहवाल आणला आणि ती दोन लाख लोकांनी पाहिली असे अभिमानाने सांगितले. मी एवढेच विचारले की यातले परभणीपासून तीस किलोमीटरच्या आतले किती? त्याने पडदा खाली-वर केला आणि शेवटी निघाले असे की क्षेत्र पूर्ण महाराष्ट्र ठेवले होते. पुण्यातला माणूस माझ्याकडून पातेले घ्यायला येणार नाही. मी पैसे दिले, पण त्यानंतर तीन वर्षे कोणालाही आत बसू दिले नाही.

नंतर आलेल्या मुलीने पहिल्या भेटीत कल्पना मांडलीच नाही. तिने विचारले, "काका, कोणता माल पडून राहतो आणि कोणत्या मालात तुम्हाला चार पैसे सुटतात?" धनत्रयोदशीला माणूस एखादी वाटी किंवा चमचा घेऊन शकुन करतो, त्यात फार काही सुटत नाही. रुखवताचा संच, पाण्याची पिंपे, आचाऱ्याची मोठी पातेली यांत सुटते. ती मग आचाऱ्यांकडे गेली. मला तिचे सगळे पटले असे नाही. पितळेच्या बाबतीत ती चुकत होती असे माझे आजही मत आहे. परंतु ती काय गृहीत धरते आहे हे तिने कागदावर पाच ओळींत लिहून दिले होते, त्यामुळे कोणत्या ओळीशी भांडायचे ते मला कळत होते. मेसवाल्या काकांना सांगावेसे वाटते की दारावर चिकटवण्यापेक्षा हॉस्टेलच्या रेक्टरना एक दिवस जेवायला बोलवावे.

गंजगोलाई यांना एक प्रश्न आहे. एकसष्ट याद्या परत आल्या, पण बस्ते तेवीसच वाढीव हिशेबात दिसतात. बाकीचे अडतीस जण यादी घेऊन येऊनही गेले कुठे?

गंजगोलाई

प्रश्न योग्य ठिकाणी लागला आहे. मी वर स्पष्ट लिहायला हवे होते. तेवीस हा पंचवीस हजारांवरच्या, निलंगा बाजूच्या बिलांचा एकूण आकडा आहे, वाढ नऊची आहे. उरलेल्या याद्यांपैकी काही लहान खरेदीच्या होत्या आणि काही शहरातील लोकांनी आणल्या होत्या, कारण बाजारातून त्या हातोहात पुढे गेल्या. पण दहा-अकरा कुटुंबे यादी दाखवून, भाव विचारून निघून गेली हेही खरे आहे. मालकांचा दुसरा आक्षेप तेवढ्यापुरता खरा ठरला आणि त्यांनी तो मला दोनदा ऐकवला.

यंदा त्यांनी स्वतःहून चाकूरचा रस्ताही घ्यायला सांगितले आहे. त्यामुळे तुलनेला रिकामा रस्ता उरत नाही, हे मी समजावून पाहिले, पण "मोजायला म्हणून गिऱ्हाईक सोडू का?" असे त्यांनी विचारले. यावर माजलगावकरांचे मत वाचायला आवडेल. यादीत जावयाच्या कपड्यांचा रकाना वाढवला आहे, आणि मालकांच्या इच्छेप्रमाणे मथळा लाल केला आहे.