मदत हवी आहे: चिमणीत ऑक्सिजन भरपूर, तरी हवा कमी केली की सीओ उसळतो (गॅसवरचा 3 टनी बॉयलर)

दुसरी_पाळी
नमस्कार मंडळी. चाकणजवळ खाद्यपदार्थांच्या कारखान्यात युटिलिटी बघतो. बॉयलर 3 टनाचा, तीन पासचा, दाब 10 किलो. आधी फर्नेस ऑइलवर चालायचा, दोन वर्षांपूर्वी बर्नर बदलून पाइपच्या गॅसवर घेतला. मागे इकॉनॉमायझर आणि मग 30 मीटरची चिमणी. आयडी फॅन नाही, बर्नरचा स्वतःचा पंखा तेवढा.

मागच्या महिन्यात एनर्जी ऑडिट झालं. त्यांनी चिमणीच्या भोकात प्रोब घातला, लो फायरला ऑक्सिजन 7.5 टक्के निघाला. म्हणजे जादा हवा 55 टक्क्यांच्या आसपास. रिपोर्टात लिहून गेले की 3 टक्क्यांवर आणा, गॅस अडीच टक्के वाचेल. साहेबांनी त्या ओळीवर पिवळा मार्कर मारून कागद माझ्या टेबलावर ठेवला.

काल दुपारी लोड उतरल्यावर आमचा अ‍ॅनालायझर त्याच भोकात लावला आणि कॅमचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवत लो फायरची हवा कमी करत गेलो. सुरुवातीला ऑक्सिजन 7.5, सीओ 25 पीपीएम, सीओटू 10.2. मग ऑक्सिजन 6.2 ला सीओ 60. आणि 5 वर आलो तर सीओ 900, तोही थांबायला तयार नाही. बर्नर घुमायला लागला, व्ह्यू ग्लासमधून ज्योत लांबडी, पिवळट दिसली. गपचूप स्क्रू होता तिथे आणून ठेवला.

हाय फायरला काही हात लावला नाही. तिथे ऑक्सिजन 5, सीओ 20.

प्रश्न असा, की 5 टक्के ऑक्सिजन धुरात शिल्लक असताना गॅस अर्धवट जळतोच कसा? अ‍ॅनालायझर बिघडलाय का?

बुलेटवेडा
एवढं काय त्यात, एअर फ्युएल रेशो 14.7 ला लावा. सगळ्या गाड्या तिथेच चालतात.

तेलवाले_काका
ऑक्सिजनच्या मागे लागू नका. तीस वर्षं बॉयलर चालवले, आम्ही सीओटू बघायचो. 13 टक्के सीओटू आला की ट्यूनिंग झालं, चहा प्यायला मोकळे. तुमचा 10.2 आहे म्हणजे हवा जास्तच आहे, ऑडिटवाले बरोबर बोलतायत. सीओ चढतोय तो नोझल घाण असल्यामुळे. नोझल काढून डिझेलमध्ये घासा.

दुसरी_पाळी
काका, गॅसचा बर्नर आहे, ऑइलसारखं नोझल नाही त्याला. बाकी 13 चं लक्षात ठेवतो.

निळी_ज्योत
ठेवू नका लक्षात. काकांचा 13 फर्नेस ऑइलला अगदी बरोबर होता. ऑइलमध्ये कार्बन जास्त, त्यामुळे एक कणही जादा हवा न देता जाळलं तर सीओटू 15.8 च्या आसपास जातो, आणि 13 म्हणजे चांगलं ट्यूनिंग. पाइपच्या गॅसमध्ये हायड्रोजन जास्त असतो. तिथे काट्यावर मोजून हवा दिली तरी सीओटू 11.7-11.8 च्या वर जाऊच शकत नाही. 13 गाठायला निघालात तर हवा संपेल, 13 येणार नाही.

त्यावरूनच एक गोष्ट खटकली. गॅसवर ऑक्सिजन 7.5 असेल तर सीओटू साडेसातच्या आसपास हवा. तुमचा अ‍ॅनालायझर 10.2 म्हणतोय. हे हातातले अ‍ॅनालायझर बहुधा सीओटू मोजत नाहीत, ऑक्सिजनवरून हिशेब करून दाखवतात, आणि तो हिशेब मेनूत निवडलेल्या इंधनावर चालतो. तुमच्या मेनूत अजून फर्नेस ऑइल असणार. बघा बरं.

दुसरी_पाळी
ताई, दंडवत. मेनूत फ्युएल ऑइलच होतं. दोन वर्षं! म्हणजे रोजच्या रजिस्टरात लिहिलेली एफिशियन्सी पण…

निळी_ज्योत
ती विसरा. ऑक्सिजन आणि सीओ मात्र सेन्सर थेट मोजतो, त्यामुळे ते आकडे धरायला हरकत नाही. मशीन बिघडलेलं नाही.

आता मूळ प्रश्न. ऑक्सिजन आणि सीओ दोन्ही एकदम जास्त असतील तर दोनच शक्यता मी आधी तपासते. एक, हवा आहे पण गॅसमध्ये नीट मिसळत नाही, म्हणजे डिफ्यूझर वाकलाय किंवा सरकलाय. दोन, तो ऑक्सिजन ज्योतीजवळून आलेलाच नाही, वाटेत घुसलाय. तुमचं लो फायरला 7.5 आणि हाय फायरला 5 हे बघून मला दुसरी शक्यता जास्त वाटते. फट तेवढीच, आत येणारी हवा साधारण तेवढीच, पण लो फायरला धूर एक तृतीयांश, म्हणून ती हवा तिथे ठळक दिसते.

दुसरी_पाळी
पण आमच्याकडे आयडी फॅन नाही. सगळं प्रेशरवर आहे, गळालं तर धूर बाहेर येईल ना?

निळी_ज्योत
भट्टीत प्रेशर आहे, पण ते तीन पासमधून जाताना संपतं. 30 मीटरची गरम चिमणी स्वतः 10-12 मिलिमीटर पाण्याइतकी ओढ देते. लो फायरला इकॉनॉमायझरच्या डब्यात प्रेशर नसतं, ओढ असते. उदबत्ती घ्या, लो फायरवर इकॉनॉमायझरच्या दाराच्या कडेने फिरवा. आणि बॉयलर व इकॉनॉमायझर यांच्या मधल्या डक्टला सॅम्पलचं भोक असेल तर तिथे ऑक्सिजन बघा. भोक नसेल तर बॉयलर बंद असताना सॉकेट वेल्ड करून घ्या.

आणि एक रागावून सांगते. गॅसच्या बर्नरचा कॅम सर्व्हिसवाला सोबत नसताना फिरवत जाऊ नका. काल तुम्ही घाबरून परत आलात तेच बरं झालं.

भुसावाला
आमचा ब्रिकेटचा बॉयलर आहे, 5 टनी. धागा वाचून आम्ही पण ऑक्सिजन 3 वर आणायचा ठरवलं, काळा धूर निघाला आणि शेजारच्या कंपनीने तक्रार केली. गुण आला नाही.

निळी_ज्योत
भुसावाले, हा धागा गॅसचा आहे हो. ब्रिकेट जाळीवर ढिगाने जळतं, हवा प्रत्येक कणापर्यंत पोचत नाही. 7-8 टक्के ऑक्सिजन तिथे वाईट नाही. परत होता तिथे न्या, आणि वेगळा धागा काढा.

बुलेटवेडा, 14.7 हे पेट्रोलचं वजनी प्रमाण. या गॅसला एका किलोला 17 किलोच्या आसपास हवा लागते. शिवाय गाडी बरोबर त्या आकड्यावर ठेवतात ती सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी. बॉयलरला असलं काही नसतं, म्हणून थोडी हवा उरवूनच चालवायचा.

दुसरी_पाळी
तीन दिवसांनी आलो, माफी. डक्टला जुनं सॉकेट निघालं, इन्सुलेशनखाली गाडलेलं. कॅम जिथे होता तिथेच ठेवून लो फायरला दोन्हीकडे वाचलं. डक्टमध्ये ऑक्सिजन 4.0. चिमणीत 7.5. उदबत्तीचा धूर इकॉनॉमायझरच्या साफसफाईच्या दाराच्या खालच्या कडेला सरळ आत ओढला गेला. दार उघडलं तर गॅस्केटची दोरी कोळशासारखी, हातात घेतली की भुगा. दोन मीटर लांबीत तीन-चार मिलिमीटरची फट.

निळी_ज्योत
मग तुमच्या त्या 900 चा हिशेब आता घरबसल्या होतो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन 21. डक्टमध्ये 21 उणे 4, म्हणजे 17. चिमणीत 21 उणे 7.5, म्हणजे 13.5. 17 ला 13.5 ने भागा, 1.26. म्हणजे ज्योतीकडून आलेल्या धुरात वाटेत आणखी 26 टक्के कोरी हवा मिसळतेय.

आता तुम्ही चिमणीत 5 वाचत होता तेव्हाचं बघा. 21 उणे 5, म्हणजे 16. त्याला 1.26 ने गुणा, 20.2 येतात. 21 मधून वजा केले की उरला 0.8. ज्योतीपाशी ऑक्सिजन एक टक्काही नव्हता आणि तुम्ही अजून हवा काढणार होता. ऑडिटच्या सल्ल्याप्रमाणे चिमणीत 3 आणायचा म्हटलं तर हा हिशेब उणे उत्तर देतो. तेवढी हवाच नाही, गॅस न जळता बाहेर पडला असता.

म्हणजे तुमचा बर्नर 4 टक्क्यांवर, जादा हवा 23-24 टक्क्यांवर, ठीकठाक लावलेला होता. हाय फायरलाही डक्टमध्ये साडेतीनच्या आसपास मिळेल असा माझा अंदाज.

दुसरी_पाळी
हाय फायरला 3.6. दोरी बदलली, दार आवळलं. आता लो फायरला चिमणीत 4.3. पण दोन नवीन गोष्टी झाल्या.

पहिली, चिमणीचं तापमान लो फायरला 146 होतं ते 165 झालं. साहेब म्हणाले, हे काय, दुरुस्ती केली आणि उष्णता जास्त जायला लागली?

तेलवाले_काका
साहेबांचं बरोबर आहे. चिमणी तापली म्हणजे पैसे जळाले. ट्यूबवर स्केल किंवा काजळी बघा.

निळी_ज्योत
काका, एरवी हो. पण इथे आधी त्या धुरात गार हवा ओतली जात होती. गरम चहात गार पाणी घातलं तर चहा कोमट होतो, पण कप जास्त भरतो. आतली उष्णता तेवढीच. तापमान चढलं, पण धुराचं वजन कमी झालं, त्यामुळे चिमणीतून जाणारी एकूण उष्णता जवळजवळ तीच आहे.

आणि साहेबांना हेही सांगा, की तेवढ्याच कारणाने गॅसचं बिलही फारसं हलणार नाही. ही हवा बॉयलरनंतर घुसत होती, भट्टीतली उष्णता तिने खाल्ली नव्हती. इकॉनॉमायझरला थोडा फरक पडेल इतकंच.

दुसरी_पाळी
फीडवॉटर इकॉनॉमायझरमधून आधी 92 ला निघायचं, आता 93. तुम्ही म्हणता तसंच. म्हणजे अडीच टक्के बचत नव्हतीच कधी. साहेबांना कसं सांगू ते मी बघतो.

दुसरी गोष्ट. सर्व्हिसवाला आला होता. त्याच्यासमोर डक्टमध्ये बघितलं तर हाय फायरवरून खाली लो फायरला आलं की ऑक्सिजन 4.1, पण बंद बॉयलर पेटवून लो फायरवर स्थिरावला की 2.6. स्क्रू कोणी फिरवला नाही. एकच जागा, दोन आकडे.

निळी_ज्योत
डँपरच्या दांड्यांच्या सांध्यांत खेळ आहे. पिना झिजल्या की डँपर वरून येताना एका जागी थांबतो, खालून येताना दुसऱ्या. पिना आणि बॉल जॉइंट बदला. तोवर कमी आकडा खरा मानून चाला.

आता जानेवारी आहे हेही विसरू नका. पंखा दर फेऱ्याला ठरावीक घनफूट हवा ढकलतो, वजन बघत नाही. सकाळी 12 अंशांना जी हवा आहे ती मे महिन्यात दुपारी 40 अंशांना दहाएक टक्के विरळ असते, गॅस मात्र जवळपास तेवढाच येतो. 2.6 ऑक्सिजन म्हणजे जादा हवा 14 टक्के. त्यातून दहा गेली तर हातात तीन-चार टक्के उरतात, आणि लो फायरला तेवढ्यात सीओ पुन्हा डोकं वर काढेल.

तेलवाले_काका
हे खरं बोललीस पोरी. उन्हाळ्यात तेलाचा बर्नर काजळी धरायचा, आम्ही तेलाला शिव्या द्यायचो.

दुसरी_पाळी
पिना मागवल्यात. पण सर्व्हिसवाला म्हणतो पिना बदलून काही होणार नाही, कॅम काढून हवा आणि गॅसला वेगवेगळे सर्व्हो लावा, त्याचं कोटेशन पाठवतो. 3 टनाच्या बॉयलरला, तोही एका पाळीत निम्मा वेळ लो फायरवर, हे परवडतं का? कोणी लावलंय का?

भुसावाला
आम्ही नाही लावलं. पण ब्रिकेटला सर्व्हो चालेल का?