मदत हवी आहे: जपानी टीमला मेल लिहिताना सुरुवात आणि शेवट कसा करायचा?

इंजिनपुणेकर: पुढच्या महिन्यात नागोयाच्या एका कंपनीत एम्बेडेड टीममध्ये रुजू होतोय. एन३ झालंय, बोलणं निभावतं, पण मेलला हात लावायचा म्हटलं की घाम फुटतो. टीम लीडर तानाका यांना रुजू होण्याआधी ओळखीचा मेल टाकायचाय. सुरुवातीला 'ओत्सुकारेसामा देसु' चालेल ना? आणि शेवटी काय लिहू?

सदाशिवपेठी: बिनधास्त लिही. फक्त मोठ्या माणसाला 'गोकुरोसामा' लिहायचं, ते जास्त आदराचं. आणि आम्हाला क्लासमध्ये 'हाइकेइ'ने सुरुवात, 'केइगु'ने शेवट शिकवलाय.

ओसाकातली_माई: अरे थांबा! गोकुरोसामा वरचा माणूस खालच्याला म्हणतो, साहेबांना चुकूनही नको. हाइकेइ-केइगु कागदी पत्रात, रोजच्या मेलमध्ये कोणी लिहीत नाही.

इंजिनपुणेकर, रुजू होईपर्यंत तू त्यांच्यासाठी बाहेरचाच. ओत्सुकारेसामा घरातल्या घरात, म्हणजे सहकाऱ्यांना. त्यामुळे आत्ता पहिल्या ओळीत विभाग आणि 'तानाका सामा'. मग 'ओसेवा नि नात्ते ओरिमासु'. त्यांच्याशी आधी काहीच बोलणं झालं नसेल, तर 'हाजिमेमाशिते'. लगेच खाली, अमुक तारखेपासून रुजू होणारा जोशी, असं एका वाक्यात. पहिलाच मेल आहे, म्हणून इथे पूर्ण नाव लिही. शेवटी 'दोऊझो योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु'.

रुजू झालास की त्याच माणसाला 'तानाका-सान, ओत्सुकारेसामा देसु, जोशी देसु' एवढंच. पद लावून लिहितात तिथे, समजा ते विभागप्रमुख असतील, तर 'तानाका बुचोऊ'. पुढे 'सामा' जोडू नकोस, आदर दोनदा होतो.

आणि शेवटात मागणी दिसू दे. लॉग तपासून हवा असेल, तर 'कधीपर्यंत' ते मजकुरात सांगायचं आणि शेवटी 'गोकाकुनिन नो होदो, योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु'. नुसतं योरोशिकु लिहिलंस, तर त्यांनी तपासायचंय की फक्त वाचायचंय, ते कळत नाही.

कोकणकन्या: माझा व्हिसाचा कागद अडकलाय, एचआरला कडक शब्दांत कसं लिहू?

ओसाकातली_माई: कोकणकन्या, त्यासाठी वेगळा धागा काढ गं. कडक तर नकोच, 'सोनो गो इकागा देशोऊ का' एवढ्यानेही आठवण पोचते.

इंजिनपुणेकर: माई, खूप आभार! अजून एक. सप्लायरला लिहिताना तानाकांचा उल्लेख आला तर?

ओसाकातली_माई: तेव्हा नुसतं 'तानाका'. बाहेरच्यांसमोर आपल्या साहेबांनाही सान नाही. सुरुवातीला हात आखडतो, पण तसंच लिही.

हिंजवडीकर: आमची पुण्याची कंपनी जपानी ग्रुपचीच. मुख्य ऑफिसला आम्ही ओत्सुकारेसामाच लिहितो, कोणी कधी टोकलं नाही.

ओसाकातली_माई: आमच्याकडे ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीला ओसेवाच. कायद्याने कंपन्या वेगळ्या ना.

हिंजवडीकर: पण तिकडूनच ओत्सुकारे येतं, मग आम्ही ओसेवा लिहिलं तर परकं नाही वाटणार?