सहा इंचीला चार इंचीची जोड: घर्षणाची बेरीज होते का?

शिरोळचा ऊसवाला: नदीवरून ६ इंची लाइन आहे, ६०० मीटर. शेजारनं ४ इंची टाकायची म्हणतोय. पाइपवाला म्हणतो, दोन्हींचं घर्षण बेरजेत येणार, मोटर मोठी घ्या. खरं काय?

करवीर_जलअभियंता: हे ऐकलं की डोकंच फिरतं. असल्या सल्ल्यानं लोकांच्या गळ्यात फुकटच्या मोठ्या मोटरी पडल्यात. दोन्ही लाइनी एकाच टीपासून सुटून वर एकाच ठिकाणी मिळणार ना? मग पाणी कुठल्याही वाटेनं गेलं तरी दाबाची घट तेवढीच. बेरीज होते ती पाण्याची. सेकंदाला २० लिटर आणि घर्षण गुणांक ०.०२ धरला, तर आज घट ५.२ मीटर आहे. जोडीनंतर तेवढ्याच पाण्याला २.८.

वडगावकर: घट पटली. वाटणी मात्र सरळ पाइपाच्या तोंडावर, ९ ला ४. म्हणजे ४ इंचीत ६ लिटरच्या वर.

करवीर_जलअभियंता: तशी वाटणी झाली तर दोन्हींत वेग सारखा येईल. सारख्या वेगाला बारीक पाइपात घट दीडपट होते, म्हणून पाणी रुंद वाटेकडं सरकतं. घटी जुळतात तेव्हा ६ इंचीत १४.७ आणि ४ इंचीत ५.३ लिटर. व्यासाचा अडीचावा घात लावून बघा.

कागलकर काका: कागदावर सगळं खरं. आमच्या शेजाऱ्यानं निम्मी लाइन ४ इंची केली, पाणी पार तुटलं!

करवीर_जलअभियंता: काका, ती एकामागोमाग जोड. तिथं सगळं पाणी बारीक पाइपातूनच जाणार. २० लिटर रेटायला त्या ३०० मीटरातच सुमारे २० मीटर घट, वर उरलेल्या ६ इंचीची २.६. मोटरला ते झेपेना, म्हणून पाणी तुटलं.

कागलकर काका: असेल. पण लाइट रात्री येते त्याचं काय? अंधारात साप-विंचवातनं पाणी पाजायला तुमचा घात येतो का?

हातकणंगलेकर: काका बरोबर बोलले. आठ तास म्हणतात, त्यात दहा वेळा ट्रिप. लाइटीचा दाब कमी असला की मोटर जळते ती वेगळीच.

वडगावकर: इथं पाइपाचं चाललंय, लाइटीचा वेगळा धागा काढा.

हातकणंगलेकर: रात्री बांधावर जाऊन बघा, मग धागे सांगा! मोटर दिवसा चालू दे, दुसरी लाइन लागणारच नाही.

वडगावकर: बरं, १४.७ मान्य, हिशेब करून बघितला. पण उपसाच २५ मीटर असेल तर २.४ वाचून पाणी कितीसं वाढणार? ६०० मीटर पाइपाचा खर्च निघणार का?

करवीर_जलअभियंता: पंपाचा कर्व्ह बघितल्याशिवाय सांगणार नाही. घट कमी झाली की पंप थोडं जास्त पाणी देतो, मग घट परत थोडी वाढते. कर्व्ह उभा असेल तर फायदा मामुली. ऊसवाले, टाकलीत तर ४ इंचीला व्हॉल्व्ह बसवा. तो बंद करून पंपावरचा गेज बघा. काटा वर चढला नाही तर त्या लाइनीतनं पाणी जातच नाही, उंचवट्यावर हवा अडकलीय.

शिरोळचा ऊसवाला: कर्व्हचा कागद दुकानदाराकडं मागतो. उपसा २२ मीटर आहे. आणि काका, आमच्याकडं पण लाइट रात्रीचीच.