मदत हवी आहे: डेप्थ प्री-पास टाकला आणि फ्रेम उलट मंदावली

तिरपा_त्रिकोण

ओपनजीएल 4.6 वर स्वतःचा छोटा फॉरवर्ड रेंडरर लिहितोय, डेस्कटॉपसाठी. फ्रॅगमेंट शेडर जड आहे (बरेच दिवे, सावल्या), म्हणून झाकल्या जाणाऱ्या पिक्सेलवर तो फुकट चालू नये यासाठी डेप्थ प्री-पास घातला. आधी सगळी अपारदर्शक भूमिती रंग न लिहिता काढतो, मग मुख्य पास असा:

```c
glDepthFunc(GL_EQUAL);
glDepthMask(GL_FALSE);
```

1920×1080 वर एका मोठ्या दालनाचा सीन आहे, भिंती-छतासकट पूर्ण पडदा भरलेला. `GL_TIME_ELAPSED` ने मोजलं. प्री-पास नसताना मुख्य पासला 6.2 मिलिसेकंद लागतात. प्री-पाससह मुख्य पास 4.9 वर आला, पण प्री-पासच 1.9 खातो, म्हणजे एकूण 6.8. वस्तू पुढून मागे लावलेल्या आहेत. माझं कुठे चुकतंय की या सीनला प्री-पास लागतच नाही? आणि हे बांधण्याआधीच कळायला काही मार्ग आहे का?

रात्रपाळी

पुढून मागे लावतोस ना? मग विषय संपला. अर्ली-झी हार्डवेअर आपोआप करतं, मागचे पिक्सेल शेडरपर्यंत पोचतच नाहीत. प्री-पास काढून टाक.

खिडकीतला_जीपीयू

या सीनपुरतं उत्तर बरोबर आहे, पण कारण अर्धंच आलं. क्रम वस्तूंचा लागतो, त्रिकोणांचा नाही. एकच मोठी कमान किंवा गुंतागुंतीचं झुंबर स्वतःलाच झाकतं, तिथे क्रमाचा उपयोग नाही. म्हणून अंदाज करण्यापेक्षा मोजा.

प्री-पास बंद ठेवून मुख्य पासभोवती `GL_SAMPLES_PASSED` ची क्वेरी लावा. पडद्यावर 20,73,600 पिक्सेल आहेत. आलेल्या आकड्याला त्याने भागलं की एका पिक्सेलवर सरासरी किती वेळा रंग चढला ते कळतं. मल्टिसॅम्पलिंग चालू असेल तर तेवढ्या पटीने भाजक वाढवावा लागेल.

तिरपा_त्रिकोण

मल्टिसॅम्पलिंग नाही. 26,90,000 च्या आसपास येतंय, म्हणजे साधारण 1.3.

खिडकीतला_जीपीयू

मग हिशेब सरळ आहे. 1.3 पैकी 1 पट काम करावंच लागणार, वाचू शकतं ते 0.3. पूर्ण 6.2 मिलिसेकंद फ्रॅगमेंटच्या कामात जातात असं उदारपणे धरलं, तरी 6.2 × 0.3 / 1.3 म्हणजे 1.43 मिलिसेकंद ही बचतीची कमाल मर्यादा झाली. तुमची बचत 1.3 आहे, म्हणजे प्री-पास आपलं काम चोख करतोय. पण 1.9 खर्चून 1.43 च्या वर काही मिळणारच नव्हतं. चूक कोडमध्ये नाही, सीनमध्ये वाचवण्यासारखं फार नाही.

ही मर्यादाही तेव्हाच खरी, जेव्हा वेळ खरोखर पिक्सेलवर जातो. रुंदी आणि उंची दोन्ही निम्म्या करून पाहा. वेळ पाव व्हायला आला तर पिक्सेलचा भार आहे. जेमतेम हलला तर भार व्हर्टेक्सचा किंवा ड्रॉ कॉलचा आहे, आणि प्री-पास नेमकं तेच काम दुप्पट करतो.

मऊकडा

आमच्या मोबाईल गेममध्येही अगदी हेच! प्री-पास टाकल्यावर फोन तापायला लागला, शेवटी काढला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, ही जुनी युक्ती आहे, सोडून द्या.

खिडकीतला_जीपीयू

मोबाईलचं गणित वेगळं. पॉवरव्हीआरसारखे टाइलवाले जीपीयू टाइलमधली अपारदर्शक भूमिती आधी जमवून, दिसणाऱ्या पृष्ठभागालाच शेडर चालवतात. तिथे प्री-पास म्हणजे हार्डवेअरने केलेलं काम पुन्हा करणं. डेस्कटॉपचा निर्णय त्यावरून घेऊ नये.

तिरपा_त्रिकोण

पटलं. पण बागेच्या कॅमेऱ्यावर गेलो तर वेगळंच दिसतंय. तिथे झाडी आहे, पानं `discard` ने कापलेली. प्री-पासशिवाय 11.4 मिलिसेकंद. पण सॅम्पलचा आकडा सुमारे 40 लाख, म्हणजे 1.9 च. एवढ्यावरून 11.4 कसे?

रात्रपाळी

शेडरमध्ये अ‍ॅटॉमिक काउंटर टाक, दर फ्रॅगमेंटला एक वाढव. खरा आकडा तिथे मिळेल.

खिडकीतला_जीपीयू

काउंटर टाकला की शेडर बाहेर काहीतरी लिहू लागतो, आणि मग नियमाप्रमाणे डेप्थची तपासणी शेडरनंतर होते. मोजायला गेलात आणि अर्ली-झीच बंद पडला. त्यावर `early_fragment_tests` लावलं तर डेप्थ `discard` च्या आधी लिहिली जाते, आणि पानांच्या कापलेल्या भागामागचं आकाश गायब होतं. थर्मामीटरनेच ताप चढवण्यातला प्रकार.

4.6 आहे ना, मग `GL_FRAGMENT_SHADER_INVOCATIONS` ही क्वेरी वापरा. सॅम्पलच्या क्वेरीत `discard` झालेले फ्रॅगमेंट धरलेच जात नाहीत, पण शेडर त्यांच्यावर चाललेला असतो. शिवाय पान कापायचं की ठेवायचं हे शेडर संपेपर्यंत कळत नाही, म्हणून डेप्थही उशिरा लिहिली जाते आणि मागच्या पानाला वेळेत अडवता येत नाही. ड्रायव्हरगणिक आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण अंदाजाला पुरतो.

तिरपा_त्रिकोण

96 लाख! म्हणजे 4.6 पट.

खिडकीतला_जीपीयू

मग कमाल बचत 11.4 × 3.6 / 4.6, म्हणजे जवळपास 8.9. इथे प्री-पास करायलाच हवा, पण सगळ्या वस्तूंचा नको. पानं आणि त्यांना झाकणाऱ्या मोठ्या भिंती एवढंच घाला. पानांच्या प्री-पासचा शेडर फक्त अल्फा वाचून `discard` करेल. मुख्य पासमध्ये पानांना `GL_EQUAL` द्या आणि तिथल्या शेडरमधून `discard` काढून टाका. आकार डेप्थमध्ये आधीच कापलेला आहे, त्यामुळे जड शेडरला पूर्ण अर्ली-झी मिळतो. बाकीच्या वस्तू नेहमीप्रमाणे `GL_LEQUAL` आणि डेप्थ लिहिणं चालू. प्री-पाससाठी जागेचे निर्देशांक आणि पानांपुरते टेक्स्चरचे वेगळ्या बफरमध्ये ठेवलेत तर वाचनही कमी होतं.

मऊकडा

एक सांगतो, यात मी अख्खी संध्याकाळ घालवली होती. पुढच्या फ्रेमच्या `glClear` आधी `glDepthMask(GL_TRUE)` परत करा, नाहीतर डेप्थ पुसलीच जात नाही.

तिरपा_त्रिकोण

केलं. प्री-पास 1.6, मुख्य पास 5.1, एकूण 6.7. म्हणजे 11.4 वरून! पण मुख्य पास 2.5 पर्यंत उतरायला हवा होता ना?

खिडकीतला_जीपीयू

नाही उतरणार. जीपीयू 2×2 च्या चौकड्यांनी शेडर चालवतो. चौकडीतला एक पिक्सेल जरी तपासणीतून पार झाला तरी चारही चालतात. पानांच्या काठावर अशा चौकड्या खच्चून असतात आणि प्री-पास त्यांना हात लावू शकत नाही. दूरच्या झाडांना कमी त्रिकोणांची मेश द्या, तिथे थोडं सुटेल.

तिरपा_त्रिकोण

बरं. वाऱ्याने हलणाऱ्या पानांवर काळे ठिपके लुकलुकतात. दोन्ही व्हर्टेक्स शेडरमध्ये हे घातलं:

```glsl
invariant gl_Position;
```

ठिपके खूप कमी झाले, पण दुसऱ्या कार्डवर अजून काही दिसतात.

रात्रपाळी

`GL_LEQUAL` कर, जातील.

खिडकीतला_जीपीयू

अर्धेच जातील, जिथे मुख्य पासमधली डेप्थ किंचित मागे पडते तिथे ठिपका राहणार. आणि `invariant` ची हमी तेव्हाच, जेव्हा `gl_Position` पर्यंतचं सगळं गणित दोन्हीकडे अक्षरशः सारखं असतं. वाऱ्याचं `sin` एका शेडरमध्ये वेगळ्या फंक्शनमधून येतंय का? दोन्ही शेडर एकाच फाइलमधून `#ifdef` ने काढा, आणि वेळेचा युनिफॉर्म दोन पासांमध्ये बदलत नाही ना, तेही बघा.

तिरपा_त्रिकोण

वेळ सारखीच आहे, फाइलही एकच केली. एका झाडावर तरीही दोन-चार ठिपके आहेत. पानांच्या जागा कम्प्यूट शेडरमध्ये एकदाच काढून दोन्ही पासांना त्याच द्यायचा विचार आहे, पण त्या बफरचा लिहिण्या-वाचण्याचा खर्च बचत खाईल का? कोणी करून पाहिलंय?