बॅटरीत पाणी कमी दिसलं की लगेच "कस्टमरची चूक"? पटतं का तुम्हाला?

वहीवाला_संगमनेर
इन्व्हर्टरची 150 एएच ट्युब्युलर बॅटरी, मार्च 2023 ला घेतलेली, 36 महिने फुल वॉरंटी. विसाव्या महिन्यात बॅकअप तीन तासांवरून पाऊण तासावर आला. कंपनीचा माणूस आला, झाकणं बघितली, आणि रिपोर्टवर लिहून गेला "पाणी कमी, ओव्हरचार्ज, ग्राहकाचा निष्काळजीपणा". क्लेम रिजेक्ट. आता माझी बाजू. मी पाणी टाकतो त्या दिवशी वहीत तारीख आणि किती टाकलं ते लिहितो, बायको हसते पण लिहितो. दीड वर्ष दर चार महिन्यांनी साधारण एक लिटर, सहाही सेल मिळून. ऑक्टोबर 2024 मध्ये एका महिन्यात जवळजवळ दोन लिटर पिलं, तेसुद्धा पाचच सेलनी, चौथ्या सेलचा फ्लोट हललाच नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी हा माणूस आला, तोवर पाच फ्लोट परत खाली गेले होते. माझं म्हणणं, पाणी कमी झालं म्हणून बॅटरी गेली नाही, बॅटरी गेली म्हणून पाणी कमी झालं. कंपनी उलटं लिहिते आणि मोकळी होते, हे चूक आहे की नाही?

दुकानवाला_भाऊ
दादा राग मानू नका पण मी रोज बॅटऱ्या परत येताना बघतो. दहापैकी निदान सहा-सात लोक "आम्ही डिस्टिल्डच टाकतो" म्हणतात आणि झाकण उघडलं की प्लेटा कोरड्या. बोअरचं पाणी टाकणारे आहेत, ग्रॅव्हिटी उतरली म्हणून कुणाच्या तरी सल्ल्याने ॲसिड ओतणारे आहेत. कंपनी तरी कुणाकुणावर विश्वास ठेवणार. आणि वही काय हो, एका रात्रीत लिहून होते, फारतर दोन पेनं बदलायची.

पिंकी_ठाणे
माझ्या मोबाइलचंही सेम झालं!! आतला स्टिकर लाल झाला म्हणे पाण्यात पडला, मी तर पावसात नुसती खिशात ठेवून फिरले. तांदळात ठेवून बघितला का तुम्ही?

वहीवाला_संगमनेर
ताई बॅटरी 50-60 किलोची आहे, एवढे तांदूळ शिधावाटपातही मिळत नाहीत 😀

जुना_बॅटरीवाला
मी तीस वर्षं बॅटरी रिपेअरिंग केलंय. भाऊंचं कोरड्या प्लेटांचं खरं आहे, पण या केसमधली खूण वेगळी आहे. सहा सेल एकामागे एक जोडलेले असतात, म्हणजे करंट सगळ्यांतून सारखाच जातो, जे हाल एकाचे तेच सगळ्यांचे. माणूस पाणीच टाकायला विसरला तर सहाही खाली जातील, थोडं उन्नीस-बीस. इथे पाच कोरडे आणि एक भरलेला, हे विसरण्याने होत नाही. आता चौथा सेल आतून शॉर्ट झाला असं धरा. इन्व्हर्टरला ते कळत नाही, तो आपला 13.8 व्होल्ट देतच राहतो. आधी ते सहा जणांत वाटलं जायचं, प्रत्येकी 2.3. आता पाच जणांत, प्रत्येकी 2.76. एवढ्यावर पाणी उकळल्यासारखं बुडबुडे मारत उडतं. शॉर्ट सेल चार्जच होत नाही म्हणून त्याचं पाणी तसंच. वहीवाले, एक सांगा, चार्जिंगचा दिवा हल्ली विझत होता का? आणि झाकणाजवळ आंबट वास, बॅटरी कोमट, असं काही?

वहीवाला_संगमनेर
दिवा सप्टेंबरपासून विझलाच नाही काका, मला वाटलं लाइट जास्त जातेय म्हणून. वास होता, आईने खिडकी उघडी ठेवायला सांगितली होती. हायड्रोमीटर आणून ग्रॅव्हिटी पण घेतली, पाच सेल 1220 ते 1230, चौथा 1090.

जुना_बॅटरीवाला
मग संशयाला फार जागा नाही. फक्त ही रीडिंग पाणी टाकल्या टाकल्या घेतली असेल तर फेकून द्या, वर नुसतं पाणीच येतं हायड्रोमीटरमध्ये. पाणी टाकून दहा-बारा तास चार्ज करून परत घ्या, सगळ्या सेलची, फ्लोटसकट फोटो. पाच जण वर जातील, चौथा तिथेच बसेल.

दुकानवाला_भाऊ
थांबा काका, अर्धीच गोष्ट सांगताय. शॉर्ट झाला मान्य, पण का झाला? बॅटरी रोज पार रिकामी होईपर्यंत पंखे टीव्ही चालवले तर जो सेल जरा कमजोर तो उलटा चार्ज होतो आणि मरतो. इन्व्हर्टर कट करतो म्हणाल, तर तो एकूण साडेदहा व्होल्ट बघतो. पाच सेल 2.1 वर असले तरी साडेदहा भरतात, सहावा शून्यावर गेलेला त्याला दिसतच नाही. म्हणजे वापरातली चूक असू शकते की.

जुना_बॅटरीवाला
हा मुद्दा बरोबर आहे, नाकारत नाही. पण मग तो सेल बाकी पाचांपेक्षा कमजोर का होता, सहाही एकाच दिवशी एकाच फॅक्टरीत भरलेले ना? कोणी म्हणेल तिथेच दोष, कोणी म्हणेल वापराने दोष बाहेर आला. बॅटरी उघडून प्लेटा आणि सेपरेटर बघितल्याशिवाय याचा निकाल लागत नाही, आणि कस्टमरने स्वतः उघडली की वॉरंटी गेली. म्हणून हात लावू नका. पण एक लक्षात घ्या, कंपनीने डीप डिस्चार्ज लिहिलेलंच नाही, "ओव्हरचार्ज, पाणी कमी" लिहिलंय, आणि ते या रीडिंगशी जुळत नाही.

कायदा_वाचलेला
2019 च्या ग्राहक कायद्यात प्रॉडक्ट लायबिलिटी आहे, सरळ लाखाचा दावा ठोका, गैरवापर झाला हे कंपनीनेच सिद्ध करायचं असतं.

ग्राहकमंच_ताई
अर्धं बरोबर. प्रॉडक्ट लायबिलिटी ही वस्तूमुळे इजा झाली किंवा दुसरं काही जळलं-बिळलं तर, स्वतः बॅटरी खराब झाली ती त्यात येत नाही. इथे साधी "सदोष वस्तू, सेवेत त्रुटी" अशी तक्रार करायची. दोष आहे हे आधी आपणच दाखवायचं असतं, ते काम वहीवाल्यांची रीडिंग करते, मग "ग्राहकाने गैरवापर केला" म्हणणाऱ्या कंपनीला विचारता येतं की कशावरून. कलम 38 खाली आयोगाला वस्तू लॅबमध्ये तपासायला पाठवायला सांगता येतं, त्यामुळे बॅटरी भंगारात घालू नका आणि "स्क्रॅप व्हॅल्यू देतो, इथे सही करा" म्हणाले तर सही करू नका. तक्रार दोन वर्षांच्या आत, 5 लाखांपर्यंत फी नाही. त्याआधी 1915 ला फोन लावा, बऱ्याचदा तिथेच हलतं. आणि वहीच्या जोडीला दुसरं काही द्या, भाऊ म्हणतात ते खरं, नुसती वही कुणी मानत नाही.

वहीवाला_संगमनेर
डिस्टिल्ड पाण्याची पाच बिलं आहेत, वहीतल्या तारखांशी जुळतात. आणि ऑक्टोबरमध्ये डीलरला व्हॉट्सॲपवर फ्लोटचा फोटो टाकून विचारलं होतं "एवढं पाणी का पितेय", तो म्हणाला "उन्हाळा आहे टाकत राहा". ऑक्टोबरमध्ये उन्हाळा!

दुकानवाला_भाऊ
तो मेसेज वहीपेक्षा भारी आहे, क्लेम रिजेक्ट व्हायच्या आधीचा आहे ना. तरी पण इन्व्हर्टरचं चार्जिंग व्होल्टेज मोजून घ्या, 15 च्या वर निघालं तर कंपनी इन्व्हर्टरवर ढकलेल आणि तेव्हा मी त्यांच्या बाजूने बोलेन. अर्थात मग पाणी सहाही सेलचं उडायला पाहिजे होतं, ते उडालं नाही हे मलाही खटकतंय.

वहीवाला_संगमनेर
कमी बॅकअप असतानाच मोजलं होतं, 13.6. शनिवारी डीलरकडे बॅटरी चार्जिंगला लावतोय, रविवारी सगळ्यांसमोर रीडिंग. त्याने यायला तोंडी हो म्हटलंय, लेखी मागितलं तर म्हणाला बघू.