मदत हवी आहे: आईच्या किल्ल्यांना लावलेल्या टॅगची सूचना तिच्याच फोनवर येते

मृण्मयी_बं: नमस्कार मंडळी. आई साताऱ्याला एकटी असते, मी बंगळुरूत. किल्ल्या ती कापडी पिशवीत ठेवते आणि पिशवी कधी बँकेत राहते, कधी देवळात. म्हणून दिवाळीत गेले तेव्हा किल्ल्यांच्या जुडग्याला एअरटॅग अडकवून आले. तो माझ्या आयफोनवर नोंदलेला आहे. आईचा फोन अँड्रॉइड.

आता तिच्या फोनवर अनोळखी ट्रॅकर सोबत फिरतोय अशी सूचना येते. शिवाय सकाळी पिशवी उचलली की टॅग टिवटिवतो. आई घाबरली आहे, कोणी पाळत ठेवतंय का म्हणून. सूचना माझ्याच टॅगची आहे हे कसं ओळखायचं? आणि ती बंद कशी करायची?

विदुला: सोपं आहे. फाइंड माय मध्ये टॅग आईंशी शेअर करा, सूचना थांबतात. आमच्याकडे गाडीची किल्ली मी आणि नवरा दोघं वापरतो, शेअर केल्यापासून काही त्रास नाही.

सह्याद्रीवारा: विदुलाताई, ते आयफोन ते आयफोनच चालतं. इथे आईंचा अँड्रॉइड आहे.

मृण्मयी, टॅग बिघडलेला नाही. मालकाचा फोन जवळ असतो तोवर टॅग आपली ब्लूटूथ ओळख साधारण दर पंधरा मिनिटांनी बदलतो. मालक दूर गेला की तीच ओळख दिवसभर राहते, आणि त्यामुळे आईंच्या फोनला कळतं की एकच टॅग घरापासून बाजारापर्यंत मागे येतोय. तुम्ही बंगळुरूत, टॅग साताऱ्यात, म्हणजे त्याच्या लेखी तो कायम मालकापासून तुटलेला. वाजण्याचं कारणही तेच. मालकापासून ८ ते २४ तास दूर राहिलेला टॅग कोणी हलवला की वाजतो. रात्रभर खुंटीवर असलेली पिशवी आई सकाळी उचलतात, म्हणून तेव्हाच.

टॅग तुमचाच आहे का हे मात्र नक्की तपासा. सूचना उघडली की नकाशावर टॅग कुठे कुठे सोबत दिसला ते कळतं. तिथेच `Play sound` दाबा. जुडग्यातूनच आवाज आला तर बरं. आवाज दुसरीकडून आला तर ती जागा शोधा. फोनमध्ये एनएफसी असेल तर टॅगची पांढरी बाजू फोनच्या पाठीला टेकवा, एक पान उघडतं. त्यावर अनुक्रमांक आणि मालकाच्या फोन नंबरचे शेवटचे चार आकडे असतात.

नितीन_क: एवढं कशाला? `Settings` मध्ये `Safety & emergency` खाली `Unknown tracker alerts` बंद करा, झालं.

सह्याद्रीवारा: रस्ता बरोबर सांगितलात, पण बंद करू नका. उद्या खरंच कोणी आईंच्या पिशवीत टॅग टाकला तर तोही कळणार नाही. त्याच पानावर हाताने शोध घ्यायचं बटण आहे, ते शिकवून ठेवा.

देशपांडेकाका: माझा टॅग सेल बदलल्यावर मुकाच झाला. CR2032 च घातला होता. नंतर कळलं, लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलांवर कडू थर असतो, त्याने टॅगमध्ये नीट संपर्क होत नाही. साधा सेल घातला, चालू झाला. तुमचाही सेल बघा.

मृण्मयी_बं: काका, सेल ठीक आहे, टॅग भरपूर वाजतोय! आईच्या फोनला एनएफसी नाही. शेजारच्या मुलाच्या फोनने तपासलं, शेवटचे आकडे माझेच निघाले. `Play sound` लाही जुडग्यातूनच आवाज आला. आईचा जीव भांड्यात पडला. पण रोजचं टिवटिवणं कसं थांबवू?

सह्याद्रीवारा: टॅगची मालकी आईंकडे असली पाहिजे. गुगलच्या फाइंड हबवर चालणारा टॅग घ्या, जिओटॅग गो किंवा मोटो टॅग, आणि आईंच्याच खात्यावर, त्यांच्याच फोनवरून जोडा. मालकाचा फोन जवळ असल्यामुळे सूचना येणार नाहीत. मग त्यांच्या फोनवरून तुम्हाला शेअर करून घ्या. त्यासाठी तुम्हाला एखादा अँड्रॉइड फोन लागेल.

एक मर्यादा आहे. टॅगमध्ये जीपीएस नसतो, जवळून जाणारे फोन त्याचा पत्ता कळवतात. गुगलच्या मूळ सेटिंगमध्ये वर्दळीच्या जागीच आणि अनेक फोनांनी टॅग पाहिला तरच ठिकाण दिसतं. पिशवी एसटी स्टँडवर राहिली तर सापडेल. गावाबाहेरच्या देवळात राहिली तर नकाशा जुनीच जागा दाखवील. किती वेळापूर्वीची आहे ते खाली लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

मृण्मयी_बं: देऊळ गावाबाहेरच आहे. तिथल्या पुजाऱ्यांच्या फोनवर ते सेटिंग `With network in all areas` केलं तर एकट्या त्या फोनने भागेल का?

नितीन_क: भागायला हवं. मी स्वतः करून पाहिलेलं नाही.