'प्रतिक्रिया' या शब्दाने भाच्याचे तीन मार्क खाल्ले

शेवंती
शब्दचर्चेत फिजिक्स घुसवतेय, चालवून घ्या. भाचा अकरावीत आहे, परवा युनिट टेस्टचा पेपर घेऊन आला. प्रश्न असा की ५० किलोचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे, लिफ्ट २ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढ्या त्वरणाने वर निघाली, तर काटा माणसाला किती बलाने वर ढकलतो, g १० धरा. याने लिहिलं ५०० न्यूटन. का रे, तर म्हणे "मावशी, वजन ही क्रिया आणि काट्याची ती नॉर्मल रिॲक्शन, म्हणजे प्रतिक्रिया. तिसऱ्या नियमाने दोन्ही सारखी." सरांनी लाल पेनाने ६०० लिहून भोपळा दिलाय. उत्तर चुकलंय हे मला कळतंय, पण पोराला दोष देववत नाही, रिॲक्शन म्हटलं की ती कशाची तरी असणारच ना, आणि समोर एकच गोष्ट दिसतेय, वजन. याला मराठीत दुसरा बरा शब्द आहे का कुणाकडे?

बोरकर_मुलुंड
'प्रतिसाद' वापरा की. प्रतिक्रिया म्हणजे भडकून बोलणं, प्रतिसाद म्हणजे विचार करून दिलेलं उत्तर. हल्ली पेपरवालेसुद्धा दोन्हीची गल्लत करतात.

शेवंती
बोरकर काका, काटा विचार करून ढकलत नाही हो :)

पावशेर
पण सरांनी भोपळा द्यायला नको होता. लिफ्ट उभी असती तर ५०० बरोबरच आहे, क्रिया प्रतिक्रिया सारख्या म्हणूनच माणूस स्थिर राहतो. नियम बरोबर लावलाय, फक्त लिफ्ट हलतेय हे विसरला. अर्धे मार्क हवेत.

जुना_खडू
पावशेर, उत्तर बरोबर आणि कारण चूक, असं आहे हे. उभ्या लिफ्टमध्ये ५०० येतात ते दुसऱ्या नियमाने. त्वरण शून्य, म्हणून माणसावरच्या बलांची बेरीज शून्य, म्हणून काटा ५०० ने वर ढकलतो. तिसऱ्या नियमाचा यात संबंधच नाही. पोराने या दोन बलांची जोडी लावली आणि घात झाला, कारण दोन्ही बलं एकाच माणसावर आहेत. क्रिया आणि प्रतिक्रिया जर एकाच वस्तूवर असती तर दर वेळी एकमेकींना खाऊन टाकली असती आणि जगात काहीच हललं नसतं. त्याच्याच उत्तरात बघा ना, खाली ५०० आणि वर ५००, मग माणूस लिफ्टबरोबर वर वेग घेतोय तो कशाच्या जोरावर?

मी वर्गात एक साधी युक्ती सांगायचो. बलाचं वाक्य पूर्ण लिही, कोण कुणाला काय करतंय, आणि मग फक्त नावांची अदलाबदल कर. "पृथ्वी माणसाला ५०० ने ओढते." उलटवा: "माणूस पृथ्वीला ५०० ने ओढतो." ही झाली वजनाची प्रतिक्रिया, तिचा काट्याशी काही संबंध नाही, ती पृथ्वीवर आहे. आता दुसरं, "काटा माणसाला ६०० ने ढकलतो." उलटवा: "माणूस काट्याला ६०० ने ढकलतो." काट्यावर जो आकडा दिसतो तो हाच. दोन जोड्या, दोन वेगळे आकडे, लिफ्ट उभी असली की दोन्ही ५०० होतात आणि म्हणून सगळ्यांना वाटतं की एकच जोडी आहे.

अजून खात्री हवी तर काटा काढून घ्या. काट्याचं ढकलणं लगेच गायब, वजन मात्र तसंच राहिलं. जोडी खरी असती तर दोन्ही एकदम गेली असती.

शेवंती
हे त्याला वाचून दाखवलं. लगेच म्हणाला, माणूस ५०० चाच आहे तर तो काट्याला ६०० ने ढकलतो कसा, वरचे १०० आणले कुठून? मी गप्प.

जुना_खडू
चांगला प्रश्न आहे. केबल लिफ्टला वर खेचते, लिफ्टची जमीन काट्याला वर उचलते, माणूस आहे त्या वेगात मागे रेंगाळू बघतो, म्हणून काट्याची स्प्रिंग आणखी दबते. ५० किलोला २ चं त्वरण द्यायला १०० न्यूटन लागतात, तेवढे जास्तीचे मिळेपर्यंत ती दबते. स्पर्शाचं बल हे वजनासारखं ठरलेलं नसतं, गरजेप्रमाणे कमीजास्त होतं.

वजनदार
मी हे आमच्या बिल्डिंगमध्ये करून बघितलंय!! डिजिटल काटा घेऊ नका, तो आकडा एकदा धरून बसतो, आईकडचा जुना काट्याचा घेतला. माझं ६२. ग्राउंडवरून निघताना काटा झटकन ६५ च्या आसपास गेला, मग मधले सगळे मजले परत ६२, आणि सातव्यावर थांबताना ६० च्या खाली येऊन परत जागेवर. आधी वाटलं काटाच बिघडला, म्हणून चार चकरा मारल्या, वॉचमन विचारत होता काही हरवलंय का.

पावशेर
मधल्या मजल्यांना ६२ का? लिफ्ट तर चालूच होती.

वजनदार
चालू होती पण वेग एकसारखा, वाढत नव्हता.

पावशेर
हां. म्हणजे मी पण पोरासारखंच, "हलतेय" म्हणालो आणि मुद्दा वेग वाढण्याचा होता.

शब्दवेल्हाळ
मूळ प्रश्नाकडे येऊ. मला वाटतं गोची 'प्रति'मध्ये आहे. प्रतिध्वनी, प्रत्युत्तर, प्रतिहल्ला, सगळ्यात आधी एक आणि मागून दुसरं. औषधाची रिॲक्शनसुद्धा औषध घेतल्यावरच येते. त्यामुळे ऐकणारा आधी कारण शोधतो, मग परिणाम, आणि "वजन आहे म्हणून काटा ढकलतो" हे त्या साच्यात चपखल बसतं. खरं तर खऱ्या जोडीतली दोन्ही बलं एकाच क्षणी असतात, कुठलं क्रिया आणि कुठलं प्रतिक्रिया हे आपण मनाने ठरवायचं. म्हणून 'बलयुग्म' कसा वाटतो?

जुना_खडू
बलयुग्म नको! तो शब्द गेलेला आहे. पाण्याचा नळ फिरवताना दोन बाजूंनी उलट दिशेने लावतो त्या दोन बलांना म्हणतात, आणि ती दोन्ही एकाच वस्तूवर असतात. नेमकी हीच चूक पक्की होईल.

बाकी 'प्रति'बद्दल सहमत. गंमत म्हणजे १६८७ च्या लॅटिन मूळ पुस्तकात न्यूटन नियमाच्या पहिल्या अर्ध्यात क्रिया आणि प्रतिक्रिया म्हणतो खरा, पण त्याच वाक्यात पुढे "म्हणजे दोन वस्तूंच्या एकमेकींवरच्या क्रिया नेहमी समान" असं फोड करून सांगतो. तिथे दोन्ही क्रियाच आहेत आणि वस्तू दोन आहेत. आपण घोकताना पहिला अर्धा ठेवला आणि दुसरा सोडला.

शब्दवेल्हाळ
अरे वा. मग 'परस्परबल'? किंवा 'अन्योन्यबल'.

साइट_इंजिनिअर
शब्द बदलून काय होणार. आम्ही बीमच्या टेकूंना रोज सपोर्ट रिॲक्शन म्हणतो, कुणाचा पूल पडला नाही. फ्री बॉडी डायग्राम काढा, एकच वस्तू कागदावर, तिला शिवणाऱ्या गोष्टी आणि पृथ्वी यांचेच बाण. माणूस काढला की दोन बाण, खाली ५००, वर N. N वजा ५०० बरोबर ५० गुणिले २. संपलं. पोराने आकृतीच काढली नसणार.

शेवंती
काढली होती, आत्ता पेपर उघडून बघितला. माणूस आहे, दोन बाण आहेत, खालच्याला 'क्रिया' आणि वरच्याला 'प्रतिक्रिया' लिहिलंय, आणि दोन्ही पट्टी लावून अगदी सारख्या लांबीचे.

साइट_इंजिनिअर
मग शब्दाचाच दोष म्हणायचा. तरी साइटवर मी परस्परबल म्हणणार नाही, मुकादम हसेल.